जयेंद्रगंजातला एक मेल आणि त्यातले नकार

रसग्रहण कवितेचंच करावं असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. ज्या मजकुरात शब्दाशब्दाला थांबावंसं वाटतं त्याचं करावं. मी इथे घेतलेला मजकूर एका ई-मेलचा आहे. पाठवणारा माझा भाचा. ग्वाल्हेरच्या लश्करात, जयेंद्रगंजला, एका कर सल्लागाराच्या ऑफिसात तो काम करतो. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी आणि कीबोर्डवर इंग्रजी, अशी इथल्या आमच्या घरांची तऱ्हा आहे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी इथे पडली आणि तिचंच पुढे लश्कर झालं. तेव्हापासून इथला मराठी माणूस दोन भाषा सांभाळत आला आहे. तिसरी मागाहून आली, तीही ऑफिसची भाषा म्हणून.

ग्राहकाचं नाव आणि रकमा मी काढून टाकल्या आहेत. बाकी मेल असा:

"डिअर सर, टुडे आय डोन्ट हॅव नो टाइम टु कॉल. वी आर वर्किंग हार्डली ऑन युवर रिटर्न. अन्टिल यू डोन्ट सेंड द पर्चेस बिल्स, वी कॅनॉट क्लेम द क्रेडिट. नोबडी डिड नॉट टेल अस अबाउट द सेकंड गोडाउन. वी डोन्ट हॅव हार्डली एनी बिल्स ऑफ दॅट गोडाउन. लास्ट मंथ वी बेअरली डिडन्ट मिस द डेट."

मेल गेला आणि तासाभरात ग्राहकाचा फोन आला. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. तुम्ही माझं काम करताय की नाही? आणि गेल्या महिन्याचं रिटर्न वेळेत गेलं होतं की नाही? संध्याकाळी भाचा मेल घेऊन माझ्याकडे आला. "मामा, यात चूक काय आहे ते सांग," म्हणाला. सहा वाक्यांत सहा चुका होत्या. पण ग्राहक अडखळला होता तो दुसऱ्या आणि सहाव्या वाक्यापाशी. व्याकरणाच्या पुस्तकात ज्या वाक्यावर सगळ्यांत मोठी फुली बसते त्या पहिल्या वाक्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. माझं सगळं वाचन या एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिलं वाक्य घेऊ. 'आय डोन्ट हॅव नो टाइम.' शाळेत शिकवतात की दोन नकार एकमेकांना खातात, म्हणून या वाक्याचा अर्थ 'माझ्याकडे वेळ आहे' असा होतो. हे शिकवणाऱ्याला विचारावंसं वाटतं की असा अर्थ घेणारा एक तरी माणूस तुम्हांला आजवर भेटलाय का? कुणी रागाने 'आय डोन्ट हॅव नो टाइम' म्हणाला आणि ऐकणारा 'अरे वा, वेळ आहे तर' म्हणून खुर्ची ओढून बसला, असं जगात कुठे घडत नाही. दुसरा नकार इथे पहिल्याला मारत नाही, त्याला जोर देतो.

इंग्रजी स्वतःही शेकडो वर्षं असंच बोलत होती. चौसर १४०० साली वारला. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये सरदाराचं वर्णन करताना, तो कधी कुणाला वावगं बोलला नाही एवढंच सांगायला त्याने दोन ओळींत चार नकार घातले आहेत. त्या चारांना गणिताने एकमेकांवर उडवून सरदाराला शिवराळ ठरवणारा वाचक तेव्हा नव्हता आणि आजही नाही. नियम आला तो अठराव्या शतकात. रॉबर्ट लाउथ हे इंग्रज धर्मगुरू, पुढे ते लंडनचे बिशप झाले. त्यांचं छोटेखानी व्याकरण १७६२ साली निघालं आणि १७६३ च्या आवृत्तीत दोन नकारांचा होकार होतो हे सूत्र त्यात आलं. सूत्र दिसायला तर्कशुद्ध होतं. ऋण गुणिले ऋण धन, हे सगळ्यांना पटतं. पण नकार एकमेकांशी गुणायचे की मिळवायचे, हे भाषेने ठरवायचं असतं. ऋणात ऋण मिळवलं तर ते आणखी ऋण होतं, आणि स्पॅनिश, इटालियन, रशियन या भाषा नकार मिळवणाऱ्याच आहेत. लंडनच्या गल्लीतली आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांची बोलीही तशीच. प्रमाण इंग्रजीने मात्र गुणाकार स्वीकारला. म्हणून हे वाक्य ऑफिसच्या मेलमध्ये नको, एवढंच. तिथे ते अडाणी दिसतं. पण अर्थ चुकवत नाही.

आता भाच्याच्या बोटांतून ते आलं कुठून? चौसर त्याने वाचलेला नाही. त्याच्या डोक्यात होतं, 'आज मला मुळीच वेळ नाही.' मराठीत नकार एकाच ठिकाणी राहतो, क्रियापदापाशी, 'नाही'मध्ये. 'मुळीच', 'अजिबात', 'कोणी', 'काही', 'कधी' हे शब्द स्वतः नकारी नाहीत, ते नुसते त्या 'नाही'ची वाट पाहत उभे असतात. इंग्रजी 'नो', 'नोबडी', 'नथिंग', 'नेव्हर' मात्र नकार पोटात घेऊनच जन्मलेले. शाळेच्या वहीत आपण लिहिलं होतं: नोबडी म्हणजे कोणी नाही, नथिंग म्हणजे काही नाही. वही बरोबर होती. वाक्य करताना मात्र आपण तो अर्थ मधून कापतो. 'नोबडी'कडे 'कोणी' सोपवतो आणि उरलेल्या 'नाही'साठी क्रियापदाला पुन्हा 'नॉट' जोडतो. 'आम्हांला कोणी सांगितलं नाही' याचं 'नोबडी डिड नॉट टेल अस' होतं ते असं. मेलमधलं चौथं वाक्य हेच आहे. ते पहिल्याचं भावंड, पण थोडं जास्त धोक्याचं. कारण 'नोबडी' वाक्याच्या तोंडाशी आला आणि 'नॉट' त्याच्या मागून, की इंग्रज कान खरोखर गुणाकार करू लागतो: 'न सांगणारा असा कोणी नव्हता', म्हणजे सगळ्यांनीच सांगितलं. ग्राहकाने तसा अर्थ घेतला नाही, कारण तोही मराठी होता. ग्राहक लंडनचा असता तर मी पैज लावली नसती.

दुरुस्ती सोपी आहे. 'नो' ठेवायचा तर क्रियापद होकारी: 'आय हॅव नो टाइम.' क्रियापद नकारी ठेवायचं तर 'नो'च्या जागी 'एनी': 'आय डोन्ट हॅव एनी टाइम.' आपल्या 'मुळीच'ला जागा हवी असेल तर शेवटी 'अ‍ॅट ऑल' आहेच. हा 'एनी' आपल्या 'काही', 'कोणी'सारखाच नकाराच्या आधाराने उभा राहतो, म्हणून मराठी माणसाला तो जवळचा वाटायला हवा. पण शाळेत 'सम' आणि 'एनी'चे तक्ते पाठ करून घेतात आणि हे नातं सांगायचं राहून जातं.

तिसरं वाक्य, 'अन्टिल यू डोन्ट सेंड', हे मला या मेलमधलं सगळ्यांत लाघवी वाक्य वाटतं. त्यामागे अस्सल मराठी रचना उभी आहे: 'जोपर्यंत तुम्ही बिलं पाठवत नाही, तोपर्यंत आम्हांला क्रेडिट घेता येणार नाही.' हिंदीतही 'जब तक नहीं'. दोन्हीकडे त्या 'नाही'ला काम आहे. इंग्रजी 'अन्टिल'मध्ये ते काम आधीच झालेलं असतं. शब्दशः वाचलं तर भाच्याचं वाक्य सांगतं की तुम्ही बिलं पाठवणं जोवर थांबवत नाही तोवर आमचं काम अडलेलं आहे. ग्राहकाने हेही समजून घेतलं. उत्तर भारतातलं अर्धं पत्रलेखन याच रचनेवर चालतं म्हटलं तरी चालेल. यावर उपाय मात्र मराठीतच ठेवलेला आहे. आपल्याकडे हेच सांगायची दुसरी रीत आहे, तीत 'नाही' नसतं: 'बिलं येईपर्यंत.' मनात 'जोपर्यंत' ऐवजी 'येईपर्यंत', 'मिळेपर्यंत', 'पाठवेपर्यंत' म्हणून पाहिलं की 'अन्टिल यू सेंड' आपोआप येतं.

इथवरच्या चुका वाचणाऱ्याच्या सौजन्यावर निभावून गेल्या. आता 'हार्डली'कडे येऊ.

'वी आर वर्किंग हार्डली ऑन युवर रिटर्न.' भाच्याला म्हणायचं होतं, आम्ही तुमच्या कामावर कसून मेहनत घेतोय. 'स्लो'चं 'स्लोली', 'क्विक'चं 'क्विकली', तसं 'हार्ड'चं 'हार्डली', हा त्याचा हिशेब. हिशेबाला तो चुकलेला नाही. 'हार्डली'चा जुना अर्थ जोराने, कठोरपणे, कष्टाने असाच होता. मग 'कष्टाने करणं' या अर्थावरून तो 'जेमतेम करणं' याकडे सरकला आणि तिथून 'जवळजवळ न करणं' इथपर्यंत येऊन थांबला. मेहनतीचा अर्थ सांगायला बिनशेपटाचा 'हार्ड'च क्रियाविशेषण म्हणून मागे उरला. त्यामुळे आज 'वर्किंग हार्ड' म्हणजे राबणं आणि 'वर्किंग हार्डली' म्हणजे काम जवळजवळ न करणं. व्यवहारात 'हार्डली' क्रियापदाच्या आधी बसवतात, 'वी आर हार्डली वर्किंग', पण जागा चुकली म्हणून अर्थ वाचत नाही. ग्राहकाचा पहिला प्रश्न इथून आला. या वाक्यात 'नॉट' कुठेही नाही. नकार आहे तो 'हार्डली'च्या पोटात, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही. दोनदा नकार लिहिणारा माणूस निदान आपण नकार देतोय हे जाणून असतो. इथे तेही नव्हतं.

'हार्डली', 'स्केअर्सली' आणि 'बेअरली' हे तिघे वाक्याला आतून नकारी करतात हे ओळखायची एक खूण आहे. वाक्यानंतर शेपटीचा प्रश्न लावून पाहावा. 'यू कम हिअर' म्हटलं की शेपटी नकारी लागते: 'डोन्ट यू?' 'यू हार्डली कम हिअर' म्हटलं की ती होकारी लागते: 'डू यू?' शेपटी उलटली, म्हणजे वाक्य इंग्रजीच्या लेखी नकारी आहे. दुसरी खूण म्हणजे त्याच्या मागे 'एनी' आणि 'एव्हर' बिनतक्रार येतात: 'हार्डली एनी बिल्स', 'हार्डली एव्हर'. होकारी वाक्यात ते असे येत नाहीत.

पाचवं वाक्य या खुणेवर घासून पाहू. 'वी डोन्ट हॅव हार्डली एनी बिल्स.' 'हार्डली' आधीच नकारी, त्यावर 'डोन्ट'. का? कारण मनात होतं, 'आमच्याकडे फारशी बिलं नाहीत.' हा 'फारसा' मोठा फसवा शब्द आहे. त्याचा अर्थ 'हार्डली' असा वाटतो, पण तो एकट्याने काहीच नाकारत नाही. 'फारसा वेळ आहे' असं आपण म्हणतच नाही. त्याला 'नाही' लागतंच. म्हणजे 'फारसा' हा इंग्रजी 'मच' किंवा 'मेनी'चा नातलग, आणि 'फारसा नाही' ही अख्खी जोडी मिळून 'हार्डली' होते. भाच्याने 'फारशी'साठी 'हार्डली' लिहिला आणि 'नाहीत'साठी 'डोन्ट' लिहिलं. नकार दोनदा वसूल झाला. बरोबर वाक्य, 'वी हॅव हार्डली एनी बिल्स', किंवा सरळ 'वी डोन्ट हॅव मेनी बिल्स'.

मराठीत त्याच जागेतले इतर शब्द असे फसवत नाहीत. 'जेमतेम पोचलो', 'कसंबसं भागलं', 'तो क्वचितच येतो', सगळीकडे क्रियापद होकारीच राहतं. हिंदी 'शायद ही'सुद्धा तसाच: 'वो शायद ही आए' यात 'नहीं' नाही, तरी येण्याची आशा नाही. जयेंद्रगंजात बसून 'हार्डली' लिहिणाऱ्याने मराठी 'फारसा'ऐवजी बाजारातला 'शायद ही' मनात धरला तर त्याचं इंग्रजी सुधारेल, असं मी भाच्याला सांगितलं. त्याला ते फार आवडलं. आईला मात्र सांगू नकोस म्हणाला.

ही चूक आपलीच आहे असंही नाही. 'कान्ट हार्डली' अमेरिकेच्या बोलीत सर्रास चालतं. १९९८ साली हॉलिवूडचा 'कान्ट हार्डली वेट' नावाचा चित्रपटही आला होता. पोस्टरवर ते खपतं, ग्राहकाच्या मेलमध्ये खपत नाही.

'स्केअर्सली' या मेलमध्ये नाही, पण भाच्याच्या दुसऱ्या एका मेलमध्ये सापडला: 'स्केअर्सली हॅड वी अपलोडेड द फाइल दॅन द पोर्टल स्टॉप्ड.' हा बोर्डाच्या परीक्षेचा उरलेला गाळ. 'नो सूनर' नंतर 'दॅन' येतं, कारण 'सूनर'मध्ये तुलना आहे. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' तुलना करत नाहीत, म्हणून त्यांच्यामागे 'व्हेन' येतं. आज खरं तर ही रचना मेलमध्ये कुणी वापरूच नये. 'फाइल चढवली आणि लगेच पोर्टल बंद पडलं' हे साध्या वाक्यात सांगता येतं.

उरलं सहावं वाक्य, आणि या मेलची खरी गंमत तिथे आहे. 'लास्ट मंथ वी बेअरली डिडन्ट मिस द डेट.' मनात होतं: गेल्या महिन्यात तारीख चुकता चुकता राहिली. तीन नकार इथे एका रांगेत उभे आहेत: 'बेअरली', 'डिडन्ट', आणि 'मिस', ज्याच्या अर्थातच चुकणं आहे. आता दोन वाचक घ्या. एक जण प्रत्येक शब्द जागच्या जागी मोजतो. 'डिडन्ट मिस', म्हणजे चुकली नाही. 'बेअरली', म्हणजे थोडक्यात. त्याच्या मते रिटर्न वेळेत गेलं. दुसरा वाचक तोच, ज्याने पहिल्या वाक्यात 'डोन्ट हॅव नो' समजुतीने वाचलं होतं. तो इथेही तेच करतो: दोन नकार आलेत, म्हणजे एकच धरायचा. 'डिडन्ट' गाळून तो 'बेअरली मिस्ड' वाचतो. आणि 'बेअरली मिस्ड' म्हणजे थोडक्यात चुकली, पण चुकलीच. त्याच्या मते रिटर्न उशिरा गेलं. आधीच्या वाक्यांत ज्या सौजन्याने अर्थ वाचवला तेच सौजन्य इथे अर्थ उलटा करतं.

याला कारण 'बेअरली'चा स्वभाव. व्याकरणात तो नकारी, शेपटीच्या खुणेवर पास होतो. पण घडलेल्या गोष्टीबद्दल तो होकार देतो. 'वी बेअरली फाइल्ड इन टाइम' म्हणजे भरलं, काठावर का होईना. उलट 'ऑलमोस्ट' दिसायला होकारी, पण 'वी ऑलमोस्ट फाइल्ड' म्हणजे भरलं नाही. आपल्याकडे 'जेमतेम' आणि 'जवळजवळ' यांच्यात हाच फरक आहे, आणि मराठीत आपण तो कधी चुकत नाही. जेमतेम पास झालेल्या पोराच्या घरी पेढे येतात, जवळजवळ पास झालेल्याच्या घरी येत नाहीत. 'चुकता चुकता राहिली' याचं इंग्रजी 'वी ऑलमोस्ट मिस्ड द डेट'. 'जेमतेम वेळेत भरलं' याचं 'वी बेअरली मेड इट'. भाच्याने पहिल्याचं क्रियापद आणि दुसऱ्याचं क्रियाविशेषण उचललं, आणि शंका राहू नये म्हणून वर 'डिडन्ट' ठेवलं. शंका तिथूनच सुरू झाली.

ती शंका ग्राहकाला पैशांत मोजावी लागते. दरमहा भरायच्या जीएसटीआर-३बी या रिटर्नची तारीख पुढच्या महिन्याची २०. ती उलटली की रोज ५० रुपये विलंबशुल्क, व्यवहारच नसेल तर २०, आणि कर थकला असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. 'बेअरली डिडन्ट मिस' वाचून व्यापारी पहिल्यांदा हेच गणित मांडतो. रिटर्न प्रत्यक्षात १९ तारखेला रात्री गेलं होतं.

दोन नकार मुद्दाम वापरायची रीत इंग्रजीत आहे, आणि ती प्रतिष्ठितही आहे. 'नॉट इम्पॉसिबल', 'नॉट अनयुजवल'. तिथे एक नकार शब्दाच्या आत, दुसरा बाहेर, आणि गुणाकाराने येणारा होकार मुद्दाम मिणमिणता ठेवलेला. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ च्या एका निबंधात या लकबीची टर उडवली होती. पण मराठी कानाला ती परकी नाही. 'तुमचं म्हणणं चुकीचं नाही', 'येणार नाही असं नाही', अशी वाक्यं आपण रोज बोलतो आणि त्यांतून अर्धा होकार पदरात टाकतो. दोन निषेध मिळून मूळचाच अर्थ सांगतात, हा न्याय संस्कृत शास्त्रकारांनी लाउथच्या कितीतरी आधी मांडून ठेवला होता. म्हणजे गुणाकार आपल्याला येतो. फक्त आपण तो दोन 'नाही' उघड उघड दिसले तरच करतो. 'हार्डली'सारख्या झाकलेल्या नकाराला आपण हिशेबातच धरत नाही, आणि घसरतो तिथेच.

त्या रात्री मेल पुन्हा लिहिला तो असा: "डिअर सर, आय हॅव नो टाइम टु कॉल टुडे. वी आर वर्किंग हार्ड ऑन युवर रिटर्न. वी कॅनॉट क्लेम द क्रेडिट अन्टिल यू सेंड द पर्चेस बिल्स. नोबडी टोल्ड अस अबाउट द सेकंड गोडाउन. वी हॅव हार्डली एनी बिल्स फ्रॉम दॅट गोडाउन. लास्ट मंथ्स रिटर्न वॉज फाइल्ड ऑन द नाइन्टीन्थ." शेवटच्या वाक्यात भाच्याला 'जस्ट इन टाइम' घालायचं होतं. मी घालू दिलं नाही.

तुमच्या मेलमध्ये 'हार्डली' किंवा 'स्केअर्सली' आला तर आधी त्या वाक्यातला 'नॉट' शोधून काढा आणि उडवा. 'बेअरली'जवळ 'नॉट' दिसला तर नुसता 'नॉट' उडवू नका, अख्खं वाक्यच नव्याने लिहा. आणि वाक्य पैशाचं किंवा तारखेचं असेल, तर तो शब्दच काढून आकडा लिहा.